सापडले नाही म्हणजे नाही, असे नव्हे!

२० मे २०२४. लोकसभेच्या मतदानाचा दिवस. ठाणे जिल्ह्यातील आमच्या वस्तीत सकाळी सात वाजल्यापासून माणसे शाळेकडे निघाली होती. साडेनऊच्या सुमारास गल्लीतल्या मावशी परत येताना दिसल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले ओळखपत्र. आम्ही विचारले, "मावशी, झालं का मतदान?" त्या ओट्यावर बसल्या. ओळखपत्र आमच्यापुढे धरून म्हणाल्या, "दादा, हे बघा. फोटो माझा, नाव माझं, शिक्का सरकारचा. तरी म्हणतात तुमचं नाव नाही. मग हे काय आहे?"

त्या प्रश्नाला त्या दिवशी आमच्याजवळ नीट उत्तर नव्हते. आम्ही बी.कॉम. झालेले, दिवसभर कार्यालयात नोंदवह्या सांभाळणारे कारकून. संध्याकाळी वस्तीत कुणाचा अर्ज लिहून दे, कुणाचा दाखला काढून दे, हे गेली वीस वर्षे करीत आलो. तरी ओळखपत्र जवळ असलेल्या बाईचे नाव यादीत का नसते आणि ते आधी कसे पाहायचे, हे आम्ही तिला कधी सांगितले नव्हते. ही गोष्ट आम्हांला लागली.

म्हणून जून महिन्यात आम्ही आणि वस्तीतली कॉलेजात जाणारी चार मुले समाजमंदिरात बसलो. मुले म्हणाली, "काका, लांबलचक पत्रक कोणी वाचत नाही. आपण कॅरोसेल करू." म्हणजे मोबाईलवर बोटाने सरकवायची चित्रे, एक सरकवले की पुढचे येते, आणि प्रत्येकावर एकच गोष्ट मोठ्या अक्षरात. ज्यांच्याकडे तसला मोबाईल नाही त्यांच्यासाठी तीच चित्रे कागदावर छापून समाजमंदिराच्या फळ्यावर ओळीने लावायची, असे ठरले.

पहिली मालिका सहा चित्रांची झाली. तिचा मथितार्थ असा : संकेतस्थळ उघडा, नाव टाका, शोधा. नाव सापडले तर उत्तम. सापडले नाही तर नमुना ६ भरा. आम्हांला वाटले, काम फत्ते झाले. पण पाचव्या चित्रात आमची मोठी चूक होती. ती कशी उघडकीस आली ते आधी सांगतो, कारण या लेखात सांगण्यासारखे जे आहे ते त्या चुकीतच आहे.

आमच्या शेजारच्या तात्यांची सून स्नेहल हिने आमची चित्रे पाहून मोबाईलवर नाव शोधले. सापडले नाही. चित्रात लिहिल्याप्रमाणे तिने नमुना ६ भरला. पंधरा-वीस दिवसांनी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे ज्यांना आपण बी.एल.ओ. म्हणतो त्या बाई चौकशीला घरी आल्या. त्यांच्या हातात आपल्या भागाची यादी होती. पानावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "तात्या, या घरात सुनीता नावाची सून आधीच आहे. मग ही स्नेहल कोण?" सुनीता हे तिचे माहेरचे नाव. लग्नानंतर २०२० साली सासऱ्यांनी तिची नोंद केली तेव्हा आधारकार्डावर माहेरचेच नाव होते. पुढे आधारवर सासरचे नाव आले, मतदार यादीत मात्र जुनेच राहिले. ओळखपत्र टपालाने आलेच नव्हते, म्हणून घरात कुणाच्या लक्षात आले नाही.

रात्री तात्या आमच्या दारात उभे. "दादा, पोरीनं तुमच्या कागदावर वाचून फॉर्म भरला. आता बाई म्हणतात, फॉर्मवर सही करून लिहून दिलंय की यादीत माझं नाव नाही. हे खोटं ठरलं तर?" आमचा चेहरा उतरला. कारण तात्या म्हणत होते ते खरे होते. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे एका माणसाचे नाव यादीत एकदाच असावे लागते. जाणूनबुजून खोटे निवेदन केले तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. स्नेहलने जाणूनबुजून काही केले नव्हते. तिचा अर्ज नामंजूर झाला आणि तिथेच विषय मिटला. पण बी.एल.ओ. बाईंनी घरी येऊन यादी पाहिली नसती तर एकाच घरात एकाच बाईच्या दोन नोंदी झाल्या असत्या. पुढे कधीतरी दुबार म्हणून एक कापली जाते, आणि ती आपल्याला हवी असलेलीच कापली जाणार नाही, असे कोण सांगणार?

आम्ही दुसऱ्याच दिवशी फळ्यावरची चित्रे काढली. मोबाईलवर ज्यांना ज्यांना पाठवली होती त्यांना "पाचवे चित्र चुकीचे आहे, कृपया वापरू नये" असे कळवले. मग पुन्हा बसलो आणि नव्याने आठ चित्रे केली. त्यांतला क्रम वाचकांनी आपल्या घरी तसाच करून पाहावा.

पहिल्या चित्रात मावशींच्या प्रश्नाचे उत्तर आहे : ओळखपत्र म्हणजे यादी नव्हे. ओळखपत्र एवढेच सांगते की हा माणूस तोच आहे. मताचा हक्क देते ती त्या मतदारसंघाची यादी. यादीत नाव असेल आणि ओळखपत्र हरवले असेल, तर आधारकार्ड, पॅनकार्ड, छायाचित्र असलेले बँक पासबुक यांसारखा आयोगाने मान्य केलेला पुरावा दाखवून मत देता येते. उलट ओळखपत्र हातात आहे पण यादीत नाव नाही, तर केंद्रावरचा अधिकारी काहीही करू शकत नाही. म्हणून पाहायची ती यादी.

दुसरे चित्र क्रमांकाने शोधण्याचे. निवडणूक आयोगाचे शोधाचे पान `electoralsearch.eci.gov.in` या पत्त्यावर आहे. तिथे ओळखपत्राचा क्रमांक आणि आपले राज्य टाकावे, आणि चौकटीतली वेडीवाकडी अक्षरे पाहून लिहावीत. हाच सर्वांत सोपा मार्ग, कारण क्रमांकाला काना-मात्रा नसते. हल्लीचा क्रमांक दहा चिन्हांचा असतो, आधी तीन इंग्रजी अक्षरे आणि मग सात आकडे. म्हणून शेवटच्या सात जागी शून्य दिसले तर ते शून्यच, इंग्रजी ओ नव्हे. वस्तीतल्या जुन्या माणसांकडे `MT/` ने सुरू होणारी, तिरप्या रेघांच्या लांब क्रमांकाची ओळखपत्रे आहेत. ती नोंद पुढे नव्या दहा चिन्हांच्या क्रमांकावर गेलेली असते, त्यामुळे जुना क्रमांक टाकून काही सापडले नाही तर घाबरू नये. नवा क्रमांक यादीत आपल्या नावाशेजारीच छापलेला असतो.

तिसरे चित्र नावाने शोधण्याचे. बहुतेकांची फसगत इथेच होते. पानावर नाव, आडनाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय, लिंग, जिल्हा आणि विधानसभा मतदारसंघ विचारतात. संगणक आपण लिहिले तेच अक्षर शोधतो. यादीत 'सावित्रा' असेल आणि आपण 'सावित्री' लिहिले, यादीत 'गायकवाड'च्या जागी 'गायकवाढ' छापले गेले असेल, तर तो मुकाट्याने सांगतो, काही सापडले नाही. म्हणून एकदा शोधून थांबू नये. मराठीत शोधावे, मग इंग्रजीत शोधावे. मधले नाव गाळून पाहावे. जन्मतारखेऐवजी वय टाकून, एक-दोन वर्षे मागेपुढे करून पाहावे. सुनांनी माहेरच्या नावाने आणि वडिलांच्या नावाने शोधावे. पूर्वी दुसरीकडे राहत असाल तर त्या मतदारसंघातही शोधावे.

नावावरून स्त्रियांचे मत जाण्याचा प्रकार नवा नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी उत्तर भारतात पुष्कळ बायांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' असे सांगितले. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारल्या नाहीत, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीबाहेर राहिली. त्या बायांनी नाव सांगितले नव्हते, आमच्या स्नेहलला दोन नावे होती. फरक एवढाच.

चौथे चित्र आम्ही सर्वांत मोठ्या अक्षरात छापले : सापडले नाही म्हणजे नाही, असे नव्हे! अर्ज अजून भरू नका. आधी पूर्ण यादी वाचा.

पाचव्या चित्रात ती यादी कशी मिळवायची ते आहे. `voters.eci.gov.in` या संकेतस्थळावर मतदार यादी उतरवून घेण्याची सोय आहे. राज्य, जिल्हा, मतदारसंघ निवडला की भागांची यादी येते. एका भागात साधारणतः एका मतदान केंद्राचे मतदार असतात. आपला भाग कोणता हे माहीत नसेल तर शेजाऱ्याचे नाव क्रमांकाने शोधावे. त्याच्या नोंदीत भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि मतदान केंद्र दिसते. तोच बहुधा आपला भाग. मोबाईल चालवता येत नसेल तर बी.एल.ओ.कडे आपल्या भागाची यादी असते, ती पाहायला मागावी. १९५० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही चौकशी करता येते.

सहावे चित्र यादी वाचण्याचे. पहिल्या पानावर भाग क्रमांक, त्यात येणारे रस्ते-गल्ल्या आणि केंद्राचा पत्ता असतो. पुढे प्रत्येक पानावर चौकटी असतात, तीन उभ्या रांगांत प्रत्येकी दहा. चौकटीत अनुक्रमांक, ओळखपत्र क्रमांक, नाव, पती किंवा वडिलांचे नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग. त्या पानांची चित्रे असल्याने मोबाईलवर नाव टाकून आत शोधता येत नाही, डोळ्यांनीच वाचावे लागते. घर क्रमांकावर फार विसंबू नये, वस्तीत तो पुष्कळदा चुकलेला किंवा कोराच असतो. आधी शेजाऱ्यांची नावे शोधावीत. घरे साधारण ओळीने येतात, त्यामुळे डावीकडचा शेजारी आणि उजवीकडचा शेजारी सापडला की त्यांच्या आगेमागे आपले घर असते. तिथे नसेल तर शेवटची पाने पाहावीत, कारण नंतर भर पडलेली नावे घरांच्या ओळीत न येता शेवटी पुरवणीत येतात.

सातवे चित्र वगळलेल्या नावांचे. पुरवणी यादीत नव्या नावांप्रमाणेच कमी केलेली नावेही असतात, आणि नावापुढे एका इंग्रजी अक्षरात कारण असते. `E` म्हणजे मृत, `S` म्हणजे स्थलांतरित, `R` म्हणजे दुबार. मूळ यादी पुन्हा एकत्र छापली की ही वगळलेली नावे त्यातून पूर्णपणे नाहीशी होतात. म्हणून शंका आली की लवकर पाहावे.

आता मावशींचे काय झाले ते सांगतो. त्यांच्याकडे जुने लांब क्रमांकाचे ओळखपत्र होते. त्या क्रमांकाने शोधले, सापडले नाही. नावाने चार-पाच प्रकारे शोधले, सापडले नाही. मग यादी उतरवून आम्ही आणि एक मुलगा समाजमंदिरात वाचायला बसलो. मावशींच्या अलीकडच्या घरची चार माणसे सापडली, पलीकडच्या घरची तीन सापडली. मधे मावशींचा धाकटा मुलगाही होता. मावशी नव्हत्या. मग पुरवणीत कमी केलेल्या नावांत त्या सापडल्या. नावापुढे `S`. मावशी कुठे स्थलांतरित झाल्या? आठवून आठवून उलगडा झाला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्या चार महिने पुण्याला लेकीकडे होत्या. त्या काळात पडताळणी झाली. मुलगा कामावर, दाराला कुलूप. शेजारणीने सहज सांगितले असेल, "त्या पुण्याला गेल्या." नोटीस निघाली असली तरी ती बंद दारात पडली. आम्ही यात कुणाला दोष देत नाही. पण चार महिन्यांच्या मुक्कामाने पंचवीस वर्षांची नोंद कशी जाते, हे मावशींना आणि आम्हांला त्या दिवशी कळले.

त्यावरून आठवे चित्र तयार झाले, कोणत्या गोष्टीला कोणता नमुना. यादीत नाव कुठेच नसेल किंवा मावशींसारखे वगळले गेले असेल, तर नमुना ६. नाव आहे पण चूक आहे, पत्ता बदलला आहे किंवा नवे ओळखपत्र हवे आहे, तर नमुना ८. घर बदलून दुसऱ्या मतदारसंघात गेलात तरी २०२२ पासून नमुना ८ च लागतो. घरातला माणूस वारला असेल किंवा एकाच माणसाच्या दोन नोंदी असतील, तर एक काढण्यासाठी नमुना ७. अर्ज ऑनलाइन भरता येतो, बी.एल.ओ.कडे कागदावरही देता येतो. कागदावर दिला तर पोच घ्यावी, ऑनलाइन भरला तर येणारा संदर्भ क्रमांक वहीत लिहून ठेवावा. एक गोष्ट लक्षात ठेवावी : आता नमुना ६ वर पत्त्यासाठी जे पुरावे छापले आहेत त्यांत रेशनकार्ड नाही. आधारकार्ड, चालू बँक किंवा टपाल खात्याचे पासबुक, त्या पत्त्यावरचे किमान वर्षभराचे वीज किंवा पाणी बिल, असे पुरावे चालतात.

मावशींचा नमुना ६ जुलैमध्ये गेला. अर्जदारांची यादी लावून हरकतीसाठी सात दिवस द्यावे लागतात, त्यानंतरच निर्णय होतो. बी.एल.ओ. बाई घरी येऊन मावशींना पाहून गेल्या. ३० ऑगस्ट २०२४ ला अंतिम यादी लागली, त्यात मावशी होत्या, नव्या अनुक्रमांकावर. स्नेहलने नमुना ८ भरून सुनीताची स्नेहल करून घेतली. अर्ज नामंजूर झाला आणि तो अन्यायाने झाला असे वाटले, तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. आम्हांला ती वेळ आली नाही.

पण एकाला आम्ही काही मदत करू शकलो नाही. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रिक्षा चालवणारा एक तरुण धावत आला, "काका, माझं नाव नाही. आजच फॉर्म भरू." आम्ही यादी वाचली, पुरवणी वाचली, खरेच नव्हते. पण उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर होऊन गेली होती. त्या तारखेनंतर निवडणूक पूर्ण होईपर्यंत यादीत नाव घालता येत नाही आणि काढताही येत नाही, असा कायदा आहे. शिवाय चौकशी आणि हरकतीला दिवस लागतात, म्हणून प्रत्यक्षात त्याच्याही आठ-दहा दिवस आधी अर्ज गेला पाहिजे. तो म्हणाला, "फळ्यावरचा कागद मी रोज बघत होतो काका. मला वाटलं, आपलं तर असेलच." त्या दिवसापासून आठव्या चित्राच्या खाली आम्ही एक ओळ वाढवली : मतदानाच्या तारखेकडे पाहू नका, उमेदवारी अर्जाच्या तारखेकडे पाहा.

महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदेसाठी ही मुदत आणखी आधी संपते. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेतो आणि प्रभागांत वाटतो. २०२५ साली जाहीर झालेल्या स्थानिक निवडणुकांना १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यानंतर विधानसभेच्या यादीत आलेल्यांना त्या निवडणुकीत मत नव्हते. प्रभागाची प्रारूप यादी लागते तेव्हा फक्त चुकीच्या प्रभागात गेलेल्या नावाबद्दल किंवा उतरवताना झालेल्या चुकीबद्दल हरकत घेता येते, नवे नाव घालता येत नाही.

आमच्या चित्रांच्या रंगाबद्दलही सांगायला हवे. ती पांढऱ्यावर काळ्या अक्षरांची आहेत. वस्तीत वेगवेगळ्या पक्षांचे कार्यकर्ते आहेत, सगळे आपलेच. दोघांनी येऊन म्हटले, "छपाईचा खर्च आम्ही देतो, खाली आमच्या साहेबांचा फोटो टाका." आम्ही दोघांनाही नम्रपणे नाही म्हटले. मुलांना निळी किनार हवी होती, तीही आम्ही घातली नाही. कागदावर रंग दिसला की दुसऱ्या रंगाचा माणूस तो वाचणार नाही, आणि नाव तर त्याचेही गेलेले असू शकते. बाबासाहेबांनी घडवलेल्या घटनेच्या ३२५ व्या कलमात प्रत्येक मतदारसंघाला सर्वांची मिळून एकच यादी आहे. धर्म, वंश, जात, लिंग या कारणावरून कुणाला त्यातून वगळता येत नाही. यादी एक, तर ती पाहण्याचा कागदही सर्वांना एकच.

आता आमच्या घरात एक पद्धत आहे. रेशनकार्डाच्या आत एक चिठ्ठी असते. तिच्यावर घरातल्या प्रत्येक मतदाराचा ओळखपत्र क्रमांक, भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि पाहिल्याची तारीख. वर्षातून एकदा आणि निवडणुकीची चाहूल लागली की पुन्हा एकदा आम्ही ती पडताळतो. भाग क्रमांक कायम राहत नाहीत. एका केंद्रावर १५०० ऐवजी जास्तीत जास्त १२०० मतदार ठेवण्याचे आयोगाने २०२५ साली ठरवले, त्यामुळे भाग फुटतात आणि शाळेतली खोली काय, शाळाच बदलू शकते.

मावशींनी २० नोव्हेंबरला मत दिले. परत येताना त्या पुन्हा आमच्या ओट्यावर टेकल्या. बोटावरची शाई दाखवली नाही, पिशवीतून चिठ्ठी काढून दाखवली. "दादा, आत गेल्या गेल्या अनुक्रमांकच सांगितला. त्यांनी लगेच पान काढलं." मग ती चिठ्ठी त्यांनी पुन्हा नीट घडी करून ओळखपत्राबरोबर पिशवीत ठेवली.